पत्राखाली ‘काका’ का लिहिलं

“चौदाव्या वाढदिवसाचं पत्र वाचलं. माफ करा, पण फार कोरडं वाटलं. कुठे ‘माझी मुलगी’ नाही, ‘प्रेम’ हा शब्द नाही, आणि खाली सही काय तर ‘काका’! लग्नाला तीन वर्षं झाली. आता तुम्हीच तिचे वडील, कायद्यानेही आणि मनानेही. मी दोन सावत्र मुलं वाढवली, धाकटा माझ्याकडे आला तेव्हा दीड वर्षांचा होता. दोघंही मला आईच म्हणतात. आपणच हात आखडता घेतला तर लेकरानं कुणाकडे बघायचं?”

ताई, नमस्कार.

एका बाबतीत तुमचं बरोबर आहे, तिथे येतोच. पण माझ्या बायकोच्या मुलीला मी लिहिलेलं हे पत्र ज्यात छापलं होतं, तो मूळ लेख लांबला होता आणि पत्र त्यात हरवून गेलं होतं, म्हणून आधी ते पुन्हा देतो. नाव तेवढं गाळलंय.

“चि. —,
अनेक आशीर्वाद.
वाढदिवसाच्या शुभेच्छा, एक दिवस आधी.
या वर्षी तू पहाटे बॅडमिंटनला जायला लागलीस आणि जुलैच्या पावसातसुद्धा एकदाच दांडी मारलीस. मला गजर ऐकू येतो पण उठवत नाही, त्यामुळे मला हे फार मोठं वाटतं.
उद्या सात वाजता बाबांचा फोन येईल. तुमचं निवांत बोलणं झालं की मग थालीपीठं लावतो, गरमच खायची.
शनिवारी तुझ्या सायकलची ब्रेकची केबल बदलायला नेणार आहे. यायचं असेल तर ये, नाहीतर मी जाऊन येईन.
काका”

आता ‘काका’चं सांगतो. आपल्याला शाळेत पत्रलेखन शिकवलं तेव्हा दोन मायने वेगळे शिकवले होते. स्वतःच्या आईवडिलांना ‘तीर्थरूप’, आणि काका, मामा, आजोबा अशा बाकीच्या वडीलधाऱ्यांना ‘तीर्थस्वरूप’. परीक्षेत हे उलटसुलट झालं की मार्क जायचे. पत्र लिहायला बसलो तेव्हा मला उगाच आठवलं, की हिने कधी मला पत्र लिहिलं तर ती. स्व. लिहील, आणि ते अगदी बरोबर असेल. त्या शब्दात मान कमी नाही, माया कमी नाही, फक्त एक जागा आधीच भरलेली आहे हे त्याला माहीत आहे. मी पत्राखाली ‘बाबा’ लिहिलं असतं तर तिचा मायना मीच परस्पर ठरवून टाकला असता. ‘चि.’चं मात्र तसं नाही. ते भाच्याला, पुतणीला, शेजारच्या पोरालाही लिहितात. तिथे आशीर्वाद आहे, हक्क नाही. ‘काका’ हे तर तिनेच पहिल्या दिवसापासून म्हटलेलं आहे. मी फक्त तिने दिलेलं नाव वापरलं.

‘माझी मुलगी’ लिहिलंच नव्हतं असं नाही. लग्नानंतरचा तिचा पहिला वाढदिवस बारावा. मी उत्साहाने तिचा फोटो टाकून व्हॉट्सअ‍ॅपला स्टेटस ठेवलं, ‘माझ्या लाडक्या लेकीला’. दीडशे लोकांनी पाहिलं, त्यात तिची नागपूरची आत्याही होती. दुपारी ती शाळेतून आली ती सरळ खोलीत गेली, आणि पुढचे चार दिवस माझ्याशी हो-नाहीपलीकडे बोलली नाही. मला वाटलं फोटो आवडला नसेल. पाचव्या दिवशी आईला म्हणाली, “बाबांनी बघितलं तर त्यांना काय वाटेल?” मी कौतुक केलं आणि तिला वडिलांपुढे आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं, हे तेव्हा कळलं.

सावत्र कुटुंबांबरोबर अनेक दशकं काम केलेल्या पॅट्रिशिया पेपरनाव या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ या ओढाताणीबद्दल वारंवार लिहितात. मुलाला नवा माणूस आवडायला लागला की त्याच क्षणी आपण आपल्या आई किंवा बापाशी फितुरी करतोय असं त्याला वाटू लागतं. म्हणजे माणूस वाईट असला तरच मूल दूर जातं असं नाही, चांगला असला तरी जातं, कधीकधी जास्तच. मला हे वाचून आधी राग आला आणि मग हायसं वाटलं.

तेराव्या वाढदिवसाला मी घाबरून काहीच लिहिलं नाही. भेट दिली, केक आणला आणि गप्प बसलो. रात्री तिने आईला विचारलं, “काका विसरले का?” म्हणजे तेही चुकलं. हात आखडता घेऊ नये हे तुमचं म्हणणं इथे तंतोतंत लागू आहे. दूर राहणं आणि अंगावर न येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि मी त्यांची गल्लत केली होती.

म्हणून यंदा कागद. मोबाइलवर निळी टिक येते. ‘वाचलंस, मग काहीतरी बोल की’ असं ती टिक म्हणत राहते, आणि मीही दर दहा मिनिटांनी बघत बसलो असतो, खोटं कशाला बोलू. कागदाला टिक नसते. आदल्या संध्याकाळी ती क्लासला गेल्यावर टेबलावर ठेवला, दिव्याखाली. पाहुण्यांसमोर नाही, ओवाळताना तर नाहीच. चार माणसांत पत्र हातात दिलं की मुलाला चेहरा तयार ठेवावा लागतो. आदल्या दिवशीच का, तर बाराला मैत्रिणी असतात आणि सकाळी सातला बाबा. त्या वेळा माझ्या नाहीत.

कच्च्या पत्रात दोन वाक्यं होती, ती खोडली. पहिलं, ‘आपल्या तिघांच्या घरात तू आलीस हे माझं भाग्य.’ मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन बहुवचनी शब्द आहेत आणि इथे दोन्ही अडचणीचे निघाले. ‘आम्ही तुझ्यासाठी’ म्हटलं की ती बाहेर आणि आम्ही नवरा-बायको आत. ‘आपण तिघं’ म्हटलं की ती आत, पण तिचे बाबा दाराबाहेर. आणि दार मी लावलेलं. शेवटी सगळं पत्र ‘मी’ आणि ‘तू’वर लिहिलं. शिवाय ‘आलीस’ कसलं? आईचं घर तिचं होतंच, आलो तर मी.

दुसरं वाक्य मला फार उदात्त वाटलं होतं: ‘तुझ्या बाबांची जागा मला कधीच घ्यायची नाही.’ बायकोने वाचलं आणि म्हणाली, “तिने कुठे विचारलंय?” खरंच होतं. असं वाक्य लिहिलं की वाढदिवसाच्या आदल्या रात्री पोरीला त्या जागेचाच विचार करायला लावतो, आणि वर तिने मला ‘नाही हो काका, तसं काही नाही’ म्हणून समजूत घालावी अशी अपेक्षा. त्याऐवजी सातचा फोन आणि थालीपीठं आली. बाबांना पत्रात जागा आहे, ती रोजच्या व्यवहारातली. दरवर्षी फोन वाजला की नाश्ता निवतो म्हणून ती घाईघाईत बोलून ठेवायची. यंदा तवाच नंतर चढला. चोवीस मिनिटं बोलली.

तुम्ही कायद्याचं म्हणालात, तिथे थोडी गफलत आहे. 1956च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात नैसर्गिक पालक कोण हे कलम 6 सांगतं, आणि त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात लिहिलंय की ‘वडील’ आणि ‘आई’ या शब्दांत सावत्र वडील आणि सावत्र आई येत नाहीत. तिच्या आईशी लग्न केल्याने मी तिचा पालक होत नाही. कायद्याने वडील व्हायचं तर रीतसर दत्तकविधान लागतं, आणि तिचे वडील हयात आहेत, चांगले आहेत, तर तो प्रश्नच नाही. मात्र 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात दुसरी बाजूही सांगितली. तिथे मुलाचे जन्मदाते वडील वारले होते, आईच्या दुसऱ्या नवऱ्याने मुलाला दत्तक घेतलं होतं, आणि उच्च न्यायालयाने कागदोपत्री त्या नवऱ्याचा उल्लेख ‘सावत्र वडील’ असा करायला सांगितलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने ते जवळजवळ क्रूर ठरवून रद्द केलं, मुलाच्या मनावर काय परिणाम होईल याचा विचारच झाला नव्हता म्हणून. मलाही तो शब्द घरात नकोच असतो. (सावत्र आईच्या वाट्याला केवढ्या कहाण्या आल्यात! सावत्र बापाला जवळजवळ एकही नाही, ही आमची त्यातल्या त्यात सोय.)

तुमच्या मुलांचा अनुभव मी खोटा म्हणत नाही. पण दीड वर्षाच्या बाळाला तुमच्याआधीचं काही आठवत नव्हतं. हिला अकरा वर्षांचं सगळं आठवतं, बाबांच्या स्कूटरचा नंबरसुद्धा. लहान मुलं लवकर रुळतात, नऊ-दहा ते पंधराच्या वयात हे सगळ्यांत जड जातं, असं या विषयातले अभ्यासकही सांगतात. तुमचा थोरला किती वर्षांचा होता ते तुम्ही लिहिलं नाहीत. त्याने ‘आई’ कधी म्हटलं आणि त्याआधी काय म्हणायचा, हे वाचायला मला खरंच आवडेल.

आता तुमचं बरोबर आहे ते. पत्र पुन्हा वाचलं तेव्हा दिसलं, की मी तिने काय ‘केलं’ तेवढंच लिहिलंय. पहाटे उठली, दांडी एकदाच मारली. समजा उद्या बॅडमिंटन सोडलं, मग? नुसती ती असण्याबद्दल पत्रात एक ओळ नाही. कोरडेपणा तिथे आहे, ‘काका’त नाही. परवा एक ओळ जुळवून पाहिली: ‘मे महिन्यात तू नागपूरला होतीस तेव्हा रोज अर्धा लिटर दूध उरायचं.’ मला छान वाटली. मग लक्षात आलं, ही वाचून पुढच्या मे महिन्यात बाबांकडे जाताना तिला ते दूध आठवेल. खोडली. सध्या एवढंच उरलंय: ‘तू घरात असलीस की मला बरं वाटतं.’ पुढच्या डिसेंबरात पत्रात जाईल.

तिने उत्तर लिहिलं नाही, पत्राबद्दल बोललीही नाही. शनिवारी मी सायकल बाहेर काढत होतो तर चपला घालून आली आणि म्हणाली, “काका, केबल नाही गेलीये, ब्रेकचं रबर झिजलंय. तुम्ही चुकीचं लिहिलं होतं.”

रबरच झिजलं होतं.