मोनोलेअर ग्राफीनच्या नमुन्याबद्दलच्या तक्रारीला आमचं उत्तर

“सर्टिफिकेटवर डी बाय जी ०.११ लिहिलंय, आमच्या लॅबमध्ये ०.२२ आलं. टूडी बाय जी पण जेमतेम १.४. मोनोलेअरचे पैसे घेऊन दोष असलेला बायलेअर पाठवला.”

नमस्कार मॅडम,

स्पेक्ट्रमचा फोटो जोडलात हे फार बरं केलंत. त्यात डी बँड १३३० प्रति सेंमीजवळ आहे. आमच्याकडे तो १३४८ ला येतो. लेसर बदलला तरी जी बँड जागचा हलत नाही. डी मात्र लेसरच्या ऊर्जेबरोबर सरकतो, एका इलेक्ट्रॉन व्होल्टमागे साधारण ५०. या फरकावरून तुमचा लेसर ६३३ नॅनोमीटरचा, लाल आहे. आमचा ५३२ चा हिरवा, तसं सर्टिफिकेटवर छापलंय.

जी बँड कार्बनचे बंध ताणले-आखडले जाण्याचा, तो निर्दोष ग्राफीनमध्येही दिसतो. डी बँडला मात्र जाळीत कुठेतरी खोट लागते. म्हणून दोन्हींचं गुणोत्तर बघतात, पण ते लेसरच्या तरंगलांबीच्या चौथ्या घाताने वाढतं. ६३३ ला ५३२ ने भागून चौथा घात घ्या, बरोबर २ येतो. तुमचे ०.२२ आणि आमचे ०.११ यातला फरक तेवढाच आहे. कमी दोषांच्या नमुन्यासाठी प्रचलित सूत्रात दोन्ही आकडे घातले, तर दोन दोषांमधलं सरासरी अंतर दोन्हीकडे ३६ नॅनोमीटरच निघतं.

आता थरांचं. टूडी बाय जी २ च्या वर असेल तर मोनोलेअर, हा नियम स्वच्छ, डोपिंग नसलेल्या ग्राफीनचा. ट्रान्सफरनंतर ऑक्साइडवर बसलेल्या नमुन्यात डोपिंग होतंच, आणि त्याने टूडीची उंची घटते. तुमच्या आलेखात जी १५८२ ऐवजी १५९० ला आणि अरुंद आहे, ही त्याचीच खूण (ताणानेही जी सरकतो, पण त्याने असा अरुंद होत नाही). म्हणून उंचीपेक्षा टूडीचा आकार बघा. तुमचा टूडी एकाच लोरेंट्झियनमध्ये बसतो आणि अर्ध्या उंचीवर त्याची रुंदी ३० च्या आसपास आहे. नेहमीच्या रचनेचा बायलेअर असता तर चार घटक लागले असते आणि रुंदी ५० च्या घरात गेली असती.

थर एकमेकांशी फिरलेले असले की बायलेअरचा टूडीही एकेरी दिसू शकतो, ही शंका रामनवरून पूर्ण फिटत नाही. त्यासाठी सूक्ष्मदर्शकाखाली ऑप्टिकल कॉन्ट्रास्ट किंवा एएफएमने पायरीची उंची बघावी लागते. आम्ही या बॅचचं कॉन्ट्रास्ट तपासलंय, फोटो मेलवर पाठवतो.

एक विनंती: मोजताना कडेपासून काही मायक्रॉन आत राहा. कड हीसुद्धा दोषच, तिथे चांगल्या नमुन्यातही डी वर येतो. तरीही समाधान झालं नाही तर नमुना परत पाठवा. तुमच्यासमोर ५३२ वर पाच जागी मोजू, आणि कडेपासून दूर कुठेही डी बाय जी ०.१५ च्या वर गेला तर नवा नमुना देऊ, कुरिअरचा खर्च आमचा.