गिटार बोलते, पण घशातून नाही

«गिटार बोलते कशी? गुपित फुटलं! १) टॉक बॉक्स, व्होकोडर, ऑटोट्यून सगळं एकच, फक्त नावं वेगळी. २) वादक स्वतः हळू गातो आणि मशीन त्याचा आवाज गिटारसारखा करतं. ३) नळी घशात घालतात, म्हणून दात खिळखिळे होतात. ४) हेंड्रिक्सचं गुपितही हेच. ५) घरी करा: अॅम्पची स्पीकरची वायर काढून छोट्या स्पीकरला जोडा, त्यावर फनेल, फनेलला नळी, नळी तोंडात, व्हॉल्यूम फुल्ल! शेअर करा.»

हा मेसेज माझ्या भाच्याला आला आणि त्यानं आधी पाचवा मुद्दा करून पाहिला, मग मला फोन केला. म्हणून मीही पाचव्यापासूनच सुरुवात करतो. त्याआधी एकच ओळ: टॉक बॉक्समध्ये गिटारचा आवाज नळीतून वादकाच्या तोंडात येतो, तोंड त्याला शब्दाचा आकार देतं आणि समोरचा माइक तो पकडतो.

त्याच्याकडे मित्राचा मागून आणलेला १५ वॉटचा, व्हॉल्व्हचा अॅम्प होता. त्याची ८ ओहमच्या स्पीकरला जाणारी वायर त्यानं काढली आणि गाडीच्या दारातल्या एका जुन्या ट्वीटरला, म्हणजे फक्त वरच्या सुरांसाठीच्या छोट्या स्पीकरला जोडली. सात-आठ सेकंद काहीतरी «वॉंव वॉंव» आलं म्हणे. मग जळका वास, मग शांतता. व्हॉल्व्ह मात्र छान लाल पेटलेले, त्यामुळे साहेबांनी व्हॉल्यूम आणखी वाढवला.

झालं काय ते सांगतो. ट्वीटरची कॉइल केसासारखी बारीक असते, गिटारच्या खालच्या सुरांचा करंट तिला झेपत नाही. ती जळून तुटली. इथपर्यंत नुकसान शे-दोनशे रुपयांचं. पण कॉइल तुटली म्हणजे अॅम्पला लोडच, म्हणजे त्याची ताकद घेणारा स्पीकरच उरला नाही, आणि व्हॉल्व्हच्या अॅम्पला लोडशिवाय वाजवलं की आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेज इतकं उसळतं की आतलं इन्सुलेशन फुटतं. तसंच झालं. मी मीटर लावला: ट्वीटर पूर्ण ओपन (चांगला ८ ओहमचा स्पीकर मीटरवर सहाच्या आसपास दाखवतो), आणि ट्रान्सफॉर्मरच्या एका बाजूच्या वाइंडिंगला कंटिन्युइटीच नाही. आता तो रिवाइंडिंगला गेलाय. मेसेज लिहिणारा पैसे देणार आहे का?

करायचंच असेल तर लागतं ते कॉम्प्रेशन ड्रायव्हर. आपल्याकडे उत्सवाच्या मांडवावर जो भोंगा लागतो, त्याच्या मागे स्क्रूनं बसवलेलं «युनिट» असतं ना, ती त्याच जातीची वस्तू. फनेलची गरज नाही, भोंगा काढला की नळी सरळ युनिटच्या तोंडावर बसते. खालचे सूर आधी फिल्टरनं कापायचे, नाहीतर त्याचा पातळ पडदाही फाटतो. अॅम्प वेगळा आणि ट्रान्झिस्टरचा घ्यायचा, आणि आवाज बोलण्याइतकाच ठेवायचा, कारण बाकीचं काम समोरचा माइक करतो. बॉब हाइल या साउंड इंजिनिअरनं १९७३ मध्ये गिटारवादक जो वॉल्श याच्यासाठी जोरकस टॉक बॉक्स बनवला, तो याच तत्त्वावर. गिटारवादक पीटर फ्रॅम्प्टनलाही हाइलनंच एक भेट दिला आणि १९७६ च्या लाइव्ह अल्बमनंतर ती नळी जगाला ठाऊक झाली.

आता घसा. फ्रॅम्प्टनचा त्या काळचा कुठलाही व्हिडिओ लावा. नळी माइकच्या स्टँडला चिकटवलेली आहे आणि तिचं टोक ओठांच्या कोपऱ्यातून जेमतेम दाढांपर्यंत जातं. त्याहून आत घातली तर जीभ अडते, आणि सगळं काम जिभेचंच आहे. स्वरतंतू गप्प असतात, त्यांच्या जागी गिटार वाजते. शाळेत कंठ्य, तालव्य, ओष्ठ्य शिकलो ते इथे अक्षरशः उपयोगी पडतं. जीभ खाली, तोंड उघडं की साधारण ७०० आणि ११०० हर्ट्झच्या आसपासचे सूर उठून येतात आणि आपल्याला «आ» ऐकू येतो. जीभ टाळूकडे नेली की जोर साधारण ३०० आणि २३०० कडे जातो, म्हणजे «ई». म्हणून भाच्याला पहिला शब्द दिला तो «आई». दोन्ही स्वरच, व्यंजनाची भानगड नाही. ए च्या मोकळ्या तारेवर, थोडं डिस्टॉर्शन, म्हणजे सूर खरखरीत करणारा इफेक्ट लावून, शब्द इतका स्वच्छ आला की माझी बहीण स्वयंपाकघरातून डोकावली.

तोच शब्द त्यानं सर्वांत बारीक तारेवर सतराव्या फ्रेटवर काढायचा प्रयत्न केला आणि जमेना. त्याची चूक नव्हती. तिथे मूळ सूरच ८८० हर्ट्झचा, त्यात मिसळलेला पुढचा वरचा सूर थेट १७६०. «ई» साठी ३०० ला काहीतरी हवं, तिथे आवाजच नाही, मग तोंड उचलून धरणार काय? डिस्टॉर्शन लागतं तेही यासाठीच. स्वच्छ गिटारमध्ये वरचे सूर कमी, त्यामुळे कोरायला माल कमी. आणि प, ट, क हे तर नळी तोंडात असताना अर्धेच येतात. श्रोत्यांना गाण्याचे शब्द आधीच पाठ असतात, त्यावर बरंच भागतं.

दातांबद्दल: नळी पुढच्या दातांत चावून धरली तर झिणझिण्या येतात, हे मान्य. दाढांकडे सरकवा. फुल्ल व्हॉल्यूमची भीती मला दातांपेक्षा कानांसाठी वाटते, कारण तो आवाज कवटीतून थेट आत पोचतो.

दुसऱ्या मुद्द्यात, नाइलाजानं सांगतो, थोडं तथ्य आहे. १९३९ च्या सुमारास अल्विनो रे आपली स्टील गिटार «बोलकी» करायचा तेव्हा त्याची बायको लुईझ किंग पडद्यामागे गळ्याला माइक लावून उभी असायची आणि शब्द तिच्या तोंडून घडायचे. व्होकोडरमध्येही कुणीतरी खरोखर माइकमध्ये बोलतं. बेल लॅब्जच्या होमर डडलीनं टेलिफोनसाठी तो काढला: बोलण्याचे पट्टे पाडायचे आणि प्रत्येक पट्ट्याच्या चढउतारानं दुसऱ्या आवाजाचा तोच पट्टा कमीजास्त करायचा. तो दुसरा आवाज गिटारचा दिला की गिटार बोलते. पण तिथेही ऐकू येते ती गिटारच. ओळखायची खूण सोपी आहे. व्होकोडरमध्ये वादक बोलायचा थांबला की गिटारही गप्प होते. टॉक बॉक्समध्ये ओठ कितीही हलवा, तार छेडल्याशिवाय आवाज नाही.

हेंड्रिक्सवर दोनच ओळी. १९६७ मध्ये त्यानं वापरला तो रॉजर मेयरचा ऑक्टेव्हिया नावाचा पेडल. तो लहरीचा खालचा अर्धा भाग उलटवून वर आणतो, त्यामुळे ११० चा सूर २२० चा वाटतो. नळी नाही, तोंड नाही. गिटारच्या मानेजवळचा पिकअप, बाराव्या फ्रेटच्या वर, एका वेळी एकच सूर, तर तो नीट लागतो. कॉर्ड वाजवली की नुसता चिखल.

राहिलं ऑटोट्यून. ते गायलेल्या सुराची उंची सरकवतं, गिटारला शब्द देत नाही. पण या घोळाचा दोष मेसेजवाल्यालाच देता येत नाही. गायिका शेर हिच्या १९९८ च्या «बिलीव्ह» गाण्यातला तो तुटक आवाज कसा काढला, हे तिच्या निर्मात्यांनी «साउंड ऑन साउंड» मासिकाच्या फेब्रुवारी १९९९ च्या अंकात सविस्तर सांगितलं होतं, आणि सांगितलं ते व्होकोडर पेडलचं नाव. होतं ते ऑटोट्यून. युक्ती फुटू नये म्हणून ज्यांनी केलं तेच खोटं बोलले.