नंबर तोच, कागद वेगळा

‘मामा, पुण्याच्या डॉक्टरांचा चष्म्याचा नंबर हाताशी आहे, तोच एडिनबरोत चालेल ना? पुन्हा डोळे तपासायला कशाला जायचं?’

भाच्याने फोटो पाठवला, त्यात उजव्या डोळ्यापुढे −३.०० / +१.०० × ९० असे लिहिले होते. यातला पहिला आकडा स्फिअर म्हणजे मूळ नंबर, दुसरा सिलिंडर म्हणजे एकाच दिशेला लागणारा जादा नंबर आणि तिसरा अ‍ॅक्सिस म्हणजे त्या सिलिंडरचा कोन. इथल्या ऑप्टोमेट्रिस्टच्या हातचा कागद बहुधा उणे सिलिंडरमध्ये असतो, त्यामुळे हाच नंबर इथे −२.०० / −१.०० × १८० असा दिसेल. पहिले दोन आकडे मिळवले की नवा स्फिअर मिळतो, सिलिंडरचे चिन्ह उलटते आणि अ‍ॅक्सिस ९० अंशांनी फिरतो. काच तीच राहते. त्याच्या आईला मात्र वाटले की तीनाचे दोन झाले म्हणजे नंबर उतरला, आणि तिने साखर वाटायचीच बाकी ठेवली.

भाच्याच्या मित्राला चिन्ह बदलायचे ठाऊक होते, म्हणून त्याने −२.०० / −१.०० × ९० असे लिहून दिले. हा निम्मा हिशेब घातक आहे, कारण अ‍ॅक्सिस न फिरवल्यामुळे उभ्या दिशेला −३.०० ऐवजी −२.०० आणि आडव्या दिशेला −२.०० ऐवजी −३.०० अशी काच बनेल, आणि नवा चष्मा घालून जमीन तिरकी दिसू लागली तरी दुकानदार कागदाकडे बोट दाखवेल. पडताळा सोपा आहे: स्फिअरमध्ये सिलिंडरचा निम्मा भाग मिळवला की दोन्ही लिखाणांत −२.५० यायला हवे. मात्र अ‍ॅक्सिसची चूक या पडताळ्यात सापडत नाही, ती डोळ्यांनीच पाहावी लागते.

यावर काकांनी आपल्या मोतीबिंदूची कथा सुरू केली, पण त्यातली एक गोष्ट कामाची होती. त्यांच्या पुण्याच्या कागदावर लांबचा +१.०० आणि जवळचा +३.०० असे दोन पूर्ण नंबर होते, तर इथे जवळच्यासाठी फक्त वाढीव +२.०० लिहितात. ते +३.०० वाढ म्हणून वाचले गेले, तर वाचायची काच +४.०० ची होईल.

गावाकडचा वाद मला ठाऊक आहे: कोपऱ्यावरच्या दुकानात कॉम्प्युटरवर पाच मिनिटांत नंबर निघतो, मग परदेशी सोपस्कार कशाला? चष्म्याच्या दुकानाबद्दल मला आदर आहे. तिथला माणूस पट्टी लावून बाहुल्यांमधले अंतर मोजतो आणि कागदावर लिहूनही देतो. इथे तपासणी होताच नंबर हातात देणे कायद्याने बंधनकारक असले, तरी हे अंतर त्यात असावेच असे नाही, आणि ऑनलाइन चष्मा मागवणाऱ्याची अडचण तिथेच होते. पण स्कॉटलंडमध्ये २००६ पासून रहिवाशांना एनएचएसची तपासणी मोफत आहे, आणि तिच्यात डोळ्याचा आतला पडदाही पाहतात. उणे तीनच्या डोळ्याला त्याची गरज असते, आणि ती माहिती कागदावरच्या बेरजेतून मिळत नाही.

भाच्याने जुना चष्माही सोबत घ्यावा, म्हणजे कागद चुकला तरी त्याच्या काचेचा नंबर यंत्रावर वाचता येईल. त्याची आई अजूनही नंबर उतरल्याचेच सांगत फिरते आहे.