रक्तात इओसिनोफिल वाढले म्हणून दम्याचं इंजेक्शन? एका फॉरवर्डला उत्तर

"दम्यावर आता महिन्याला एक इंजेक्शन निघालं आहे. रक्तात इओसिनोफिल वाढलेले असले की कोणीही घेऊ शकतो. पंप आणि गोळ्या लगेच बंद होतात. दोन-तीन डोसांनंतर रक्त तपासा, इओसिनोफिल शून्यावर आले म्हणजे दमा गेला. डॉक्टर हे मुद्दाम सांगत नाहीत. गरजूंपर्यंत पोचवा."

मी वर्धा जिल्ह्यात छातीच्या ओपीडीत बसतो. हा मेसेज माझ्यापुढे इतक्यांदा आला आहे की प्रत्येकाला तोंडी सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकलेलं बरं.

आधी त्यातलं खरं काय ते सांगतो. औषधं खरी आहेत. मेपोलिझुमॅब १०० मिलिग्रॅम दर चार आठवड्यांनी कातडीखाली देतात. बेनरालिझुमॅब ३० मिलिग्रॅमचे पहिले तीन डोस चार-चार आठवड्यांनी आणि पुढचे आठ-आठ आठवड्यांनी असतात. इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी ज्या संदेशावर वाढतात तो संदेश पहिलं औषध अडवतं. दुसरं त्या पेशींनाच चिकटतं आणि शरीरातल्या मारक पेशींकडून त्यांचा नाश करवतं. ज्याचा दमा खरोखर या पेशींमुळे पेटलेला आहे, त्याचं आयुष्य या इंजेक्शनाने बदलतं, हे मी पाहिलं आहे. पण तो माणूस ओळखायला वेळ लागतो.

रक्ताच्या रिपोर्टाचंच घ्या. आपल्याकडच्या लॅबा इओसिनोफिल टक्क्यांत लिहितात आणि ६ टक्क्यांपुढे गेले की आकड्याखाली रेघ ओढून देतात. टक्क्यांवरून काही ठरत नाही, प्रत्यक्ष संख्या काढावी लागते. एकूण पांढऱ्या पेशी ९,००० आणि इओसिनोफिल ६ टक्के असतील, तर संख्या होते ५४०. इंजेक्शनाचा विचार साधारण १५० किंवा ३०० च्या पुढे सुरू होतो. रोज स्टिरॉइड घेणाऱ्याला १५० पुरतात, कारण स्टिरॉइडने या पेशी दबलेल्या असतात. आकडा चढता असेल तितका फायदा होण्याची शक्यता जास्त.

मात्र विदर्भात वाढलेले इओसिनोफिल ही दम्याची खूण आहे असं मानणं धोक्याचं आहे. इथे अनवाणी वावरात काम करणाऱ्याच्या पोटात जंत असतात. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया आणि नागपूरकडे हत्तीरोगाचा जंतू आहे. या जंतूमुळे काही जणांना पाय न सुजता फक्त रात्रीचा कोरडा खोकला आणि धाप लागते. अशा माणसाच्या इओसिनोफिलची संख्या ३,००० च्याही वर जाते. वडसा भागातून असा एक कास्तकार आला होता. बरेच महिने त्याला दमा समजून पंप दिला जात होता. त्याला डायइथाइलकार्बामाझिनच्या तीन आठवड्यांच्या गोळ्या लागल्या. घरोघरी वाटतात त्या हत्तीरोगाच्या गोळ्यांतलंच हे औषध, फक्त इथे ते रोज आणि तीन आठवडे घ्यावं लागतं. त्याला हे महागडं इंजेक्शन दिलं असतं तर पेशी खाली आल्या असत्या आणि जंतू तसाच राहिला असता.

जंत असताना हे इंजेक्शन देऊच नये. जंतांशी लढायला शरीर याच पेशी वापरतं. त्यात स्ट्राँगिलॉइडिस नावाचा जंत मातीतून तळपायाच्या कातडीत शिरतो, वर्षानुवर्षं गप्प राहतो आणि एका शौच तपासणीत बहुधा सापडत नाही. त्याच माणसाला गोळ्यांतून स्टिरॉइड चालू असलं तर तो अंगभर पसरून जीव घेऊ शकतो. म्हणून आमच्याकडे आधी जंतांचा तपास आणि उपचार, मग पुढचं बोलणं. आपल्याकडे ॲस्परजिलस बुरशीची ॲलर्जीही बरीच दिसते. तिच्यातही हा आकडा वाढतो आणि तिचे उपचार वेगळे आहेत, म्हणून रक्तातलं आयजीई हे ॲलर्जीत वाढणारं प्रथिन आणि बुरशीची तपासणीही करतो.

उलटी चूकही तितकीच होते. आर्वीकडच्या एक बाई, वय ४४, दमा ३६ व्या वर्षी सुरू झालेला, पऱ्हाटीच्या वेचणीला जाणाऱ्या. नाकात कोंब वाढल्याने एकदा ऑपरेशन झालेलं, वास येणं बंद. दररोज प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडची १० मिलिग्रॅमची गोळी चालू. मागच्या वर्षभरात पाच वेळा झटका येऊन गोळ्यांचा डोस वाढवावा लागला, त्यातल्या एका वेळी दवाखान्यात ऑक्सिजनवर ठेवलं. लक्षणांवरून इंजेक्शनासाठी अगदी योग्य पेशंट वाटत होत्या. पण रिपोर्टात इओसिनोफिल फक्त १ टक्का, पांढऱ्या पेशी ११,०००, म्हणजे संख्या ११०. कोणी म्हणालं असतं, यांचा दमा या जातीचा नाही. विचारल्यावर कळलं की आदल्या दिवशी धाप वाढली म्हणून गावच्या डॉक्टरांनी स्टिरॉइडची सुई दिली होती. ती सुई काही तासांतच या पेशी रक्तातून गायब करते. त्यांच्या पिशवीत जुने कागद होते, त्यातल्या एकावर ८ टक्के, एकूण ९,५००, म्हणजे ७६०. झटका ओसरल्यावर, जादा डोस बंद करून दोन आठवड्यांनी पुन्हा तपासलं तर ६१६ आले. संशय असला तर ही तपासणी तीनदासुद्धा करावी.

तरीही लगेच इंजेक्शन लावलं नाही. पंप नीट चालू असूनही दमा आटोक्यात येत नाही, हे आधी सिद्ध व्हावं लागतं. इथेच बहुतेक लोक यादीतून बाहेर पडतात, आणि त्यांच्यासाठी ते चांगलंच असतं. मागे एका मावशींना मी विचारलं, कॅप्सूल कशी घेता? त्या म्हणाल्या, "पाण्यासंग गिळतो नं जी." ओढायची कॅप्सूल त्या रोज पाण्याबरोबर पोटात घालत होत्या. त्यांना हजारोंचं इंजेक्शन लागलं नाही, यंत्र वापरायला शिकवणं पुरलं. म्हणून मी पेशंटला माझ्यासमोर यंत्र ओढायला लावतो, मग उघडून पाहतो. कॅप्सूलमध्ये पावडर तशीच असेल, तर त्याने जोर लावला नाही किंवा आत ओढण्याऐवजी फुंकर मारली. आर्वीच्या बाईंचं तंत्र बरोबर होतं, औषधाच्या भरपूर डोसाचा पंप काही महिने नेमाने चालू होता, चुलीचा धूर कमी केला होता. एवढं होऊनही झटके सुरूच होते. मोठ्या वयात सुरू झालेला दमा, नाकातले कोंब, रोजचं स्टिरॉइड, वर्षात अनेक झटके आणि चढता आकडा, अशा पेशंटला फायदा होण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते. हे सगळं त्यांच्यात होतं, म्हणून त्यांना इंजेक्शन सुरू केलं.

पंप आणि गोळ्यांबद्दल मेसेज जे म्हणतो ते मला सगळ्यात घातक वाटतं. अनेक महिने रोज प्रेडनिसोलोन घेणाऱ्याच्या अंगातल्या अधिवृक्क ग्रंथी स्वतःचं स्टिरॉइड बनवणं थांबवतात. गोळी एकदम सोडली तर रक्तदाब कोसळतो, उलट्या होतात, माणूस बेशुद्धही पडू शकतो. या बाईंचा डोस आम्ही काही महिन्यांत हळूहळू १० वरून ५ वर आणला. त्याखाली जाण्याआधी सकाळचं कॉर्टिसोल, म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते स्टिरॉइड, तपासलं. पंप तर इंजेक्शनाबरोबर चालूच राहतो. झटका आला तर हे इंजेक्शन तेव्हा काही कामाचं नाही, तिथे श्वास लगेच मोकळा करणारा निळा पंप, ऑक्सिजन आणि स्टिरॉइडच लागतं.

आता पेशी शून्यावर येण्याचं पाहू. २००७ साली मेपोलिझुमॅबची ३६२ दमेकऱ्यांवर केलेली चाचणी प्रसिद्ध झाली. वारंवार झटके येतात का, पेशी वाढल्या आहेत का, हे पाहून त्यांची निवड झाली नव्हती. इंजेक्शन दिल्यावर रक्तातल्या आणि थुंकीतल्या पेशी खाली आल्या. दम्यात मात्र ठोस फरक पडला नाही. २००९ साली ब्रिटन आणि कॅनडातल्या दोन लहान अभ्यासांत थुंकीत इओसिनोफिल असलेले, झटके किंवा रोजचं स्टिरॉइड न सुटणारे असेच पेशंट घेतले, आणि तेच औषध कामी आलं. पुढे २०१४ च्या मोठ्या चाचणीत, निवड करून घेतलेल्यांचे झटके जवळपास निम्मे झाले. पेशी कमी होणं हे औषध अंगात पोचल्याचं लक्षण आहे. फायदा न होणाऱ्यांच्याही पेशी पडतात. म्हणून इंजेक्शन चालू असताना इओसिनोफिलचा आकडा पाहून मी काहीच ठरवत नाही.

मग पाहतो काय? गोळ्या वाढवाव्या लागल्या असे झटके वर्षात किती आले, रोजचं स्टिरॉइड किती कमी झालं, फुंकणीच्या चाचणीत श्वास किती सुटतो आणि दम्याच्या पाच प्रश्नांच्या चाचणीत २५ पैकी किती गुण मिळतात. १९ किंवा त्याखाली म्हणजे दमा आटोक्यात नाही, आणि ३ गुणांचा फरक पेशंटला स्वतःला जाणवतो. पहिला अंदाज चार महिन्यांनी घेतो, पण निर्णय वर्षाच्या हिशेबावर. याचं कारण आपलं वेळापत्रक आहे. सोयाबीनची मळणी ऑक्टोबरच्या आसपास, थ्रेशरची धूळ, त्यामागून थंडी. इंजेक्शन फेब्रुवारीत सुरू करून जूनमध्ये तपासलं, तर धुळीचा आणि थंडीचा काळ मधे आलेलाच नसतो, आणि औषध न घेताही माणूस बरा वाटू शकतो. मळणी आणि थंडी दोन्ही पार पडल्यावरचे झटके मागच्या पूर्ण वर्षाशी ताडून पाहावे लागतात.

आर्वीच्या बाईंचे वर्षाचे झटके ५ वरून २ वर आले, गुण ९ वरून १७ झाले, गोळी ५ मिलिग्रॅमवर टिकली. १७ म्हणजे दमा गेला नाही. पण झटके निम्म्याहून कमी झाले आणि स्टिरॉइड अर्धं झालं, म्हणून इंजेक्शन चालू ठेवलं. असं काहीच घडलं नसतं तर वर्षाने ते बंद केलं असतं, आणि दुसरं औषध देण्याआधी पुन्हा पंप, जंत आणि बुरशी तपासली असती.

डॉक्टर सांगत नाहीत याचं उत्तर लहान आहे. एका डोसाचा खर्च शेतमजुराच्या महिन्याच्या कमाईहून जास्त आहे आणि तो वर्षानुवर्षं चालतो. ज्याला नक्की लागणार नाही त्याच्यापुढे हे नाव काढून घरची जमीन गहाण पडू द्यायची नाही, एवढंच.

तुमच्या घरी कोणाला हे इंजेक्शन लागेल असं वाटत असेल, तर येताना जुने रक्ताचे सगळे रिपोर्ट आणा, तारखांसकट. गेल्या वर्षात कधीकधी स्टिरॉइडच्या गोळ्या किंवा सुई लागली ते लिहून आणा, मेडिकलमधून चिठ्ठीविना घेतलेलीही. आणि रोजचं यंत्र पिशवीत टाका, कॅप्सुलांसह.