डेल्फीच्या कौलावर ग्रीक डोळे मिटून चालत नव्हते

“डेल्फीची पुजारीण वायूच्या नशेत बरळायची, पुजारी त्यातून दुअर्थी उत्तर काढायचे, आणि ग्रीक नगरराज्यं मुकाट तसं वागायची. वसाहतीही देवाने सांगितलं म्हणून वसवल्या.” प्राचीन ग्रीसमध्ये डेल्फीच्या मंदिरात अपोलो हा देव पुजारिणीच्या तोंडून कौल देतो अशी श्रद्धा होती; त्या कौलाबद्दल हे सर्रास ऐकू येतं.

आधी बरळण्याचं पाहू. इ.स. 100 च्या सुमारास ग्रीक लेखक प्लुटार्क डेल्फीत पुजारी होता. जमिनीतून येणाऱ्या सुवासिक वायूबद्दल तो लिहितो, तेव्हा वायूची गोष्ट निराधार नाही. पण पुजारीण, म्हणजे पिथिया, किंचाळत सुटल्याचा प्रसंग तो अनर्थ म्हणून सांगतो. कौलाआधी बळीच्या पशूवर पाणी शिंपडत. तो अंगभर थरथरला तरच देव राजी. त्या दिवशी तो थरथरेना. परगावचे दूत आलेले, म्हणून त्याला पाण्याने चिंब भिजवलं आणि पिथियेला नाखुशीनेच आत पाठवलं. तिचा आवाज घोगरा झाला, ती ओरडत दाराकडे धावली, पुजारीसुद्धा घाबरून पळाले. काही दिवसांत ती वारली. रोज असंच चालत असतं, तर पुजारी पळाले कशाला असते?

दुअर्थी उत्तरं कथांमध्ये भरपूर आहेत. शिलालेखांत मात्र प्रश्न बहुतेक असा असतो: “हे केलेलं बरं, की न केलेलं?” इ.स.पू. 352-51 मध्ये अथेन्सजवळच्या एल्युसिसची पवित्र जमीन खंडाने द्यावी की पडीक ठेवावी, हा अथेन्सचा प्रश्न होता. दोन्ही पर्याय कथलाच्या दोन सारख्या पत्र्यांवर लिहिले, गुंडाळून लोकरीत बांधले, काशाच्या घागरीत हलवले. मग न पाहता एक सोन्याच्या घागरीत, दुसरा चांदीच्या घागरीत ठेवून मोहोर लावली. कोणीही नागरिक आपलीही मोहोर लावू शकत होता. डेल्फीला विचारायचं होतं एवढंच: सोन्याची घागर, की चांदीची? पिथियेला लाच देऊन उत्तर वळवण्याची वाटच यात बंद होते. लोक भाबडे असते तर एवढी खटपट केली नसती.

वसाहतीचं उदाहरण थेरा या ग्रीक बेटाचं, म्हणजे आजच्या सँटोरिनीचं घेतो. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने दिलेल्या थेराच्या कथेनुसार लिबियात नगर वसवा असा कौल मिळाला, पण लिबिया कुठे आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं. म्हणून त्यांनी कौल सरळ बाजूला ठेवला. मग सात वर्षं पाऊस पडला नाही. तेव्हा कुठे ते हलले, आणि आधी क्रीटमध्ये वाट माहीत असलेला माणूस शोधला: कोरोबिओस, जांभळ्या रंगाचे शिंपले गोळा करणारा. लिबियाच्या किनाऱ्याजवळ जिथे आधी वस्ती केली ते बेट मानवलं नाही, दोन वर्षांनी पुन्हा डेल्फीला जावं लागलं. लिबियातलं सायरीन शहर उभं राहिलं ते त्यानंतर कित्येक वर्षांनी. सायरीनचे लोक हीच गोष्ट वेगळी सांगतात, म्हणजे कौलाचे शब्दही वसाहत रुजल्यावर घडवले गेले असावेत.

कौलाचा खरा उपयोग सक्तीला होता. सायरीनमध्ये सापडलेल्या शिलालेखात थेराचा ठराव म्हणून दिलंय: घरटी एक मुलगा जाईल, नाकारणाऱ्याला देहदंड, पाच वर्षं हाल झाले तरच परत येता येईल. पोटच्या मुलाला अशा प्रवासाला धाडायला नुसता राजाचा हुकूम पुरला नसता. त्यामागे अपोलोचं नाव लागलं.