सुपर बिल्टअपमधून 30 टक्के वजा केले की कार्पेट मिळतो?

फिरत असलेला सल्ला: «कार्पेट, बिल्टअप, सुपर यांत फार डोकं घालू नका. सुपरमधून सरळ 30 टक्के वजा करा, कार्पेट मिळतो. रेरा आल्यापासून जाहिरातीत कार्पेट लिहिला असेल तर तेवढी जागा वापरायला मिळतेच. मग प्रति चौरस फूट दर बघायचा. ज्याचा दर कमी, तो फ्लॅट स्वस्त.»

टक्का कशावर काढला, हे आधी विचारा

दोन बेडरूमचा एक फ्लॅट घेऊ. रेरा कार्पेट, म्हणजे रेरा या स्थावर मालमत्ता कायद्याच्या व्याख्येप्रमाणे घरात वापरायला मिळणारी जागा, 650 चौरस फूट. बाल्कनी 60. बाहेरच्या भिंतींखालची जागा 50. या तिन्हींची बेरीज 760, हा झाला बिल्टअप. त्यावर जिना, लिफ्ट, लॉबी, क्लबहाऊस वगैरेंतला वाटा म्हणून बिल्डरने 240 चढवले आणि माहितीपत्रकात सुपर बिल्टअप 1,000 छापला.

यातून 30 टक्के वजा केले तर 700 उरतात. खरा कार्पेट 650 आहे. म्हणजे एका बऱ्यापैकी बाथरूमएवढी जागा फक्त कागदावर राहिली.

याच फ्लॅटचं लोडिंग, म्हणजे वर चढवलेली जागा, किती टक्के, असं विचारलं तर तीन उत्तरं मिळू शकतात आणि तिन्ही हिशेबाने बरोबर असतात. बिल्टअपवर चढवलेले 240 धरले तर साडेएकतीस टक्के. कार्पेटपासून सुपरपर्यंतची वाढ कार्पेटवर मोजली तर जवळपास 54 टक्के. सुपरमधून किती कमी करायचे ते बघितलं तर 35 टक्के. विकणारा पहिला आकडा सांगतो, घेणारा तो तिसऱ्यासारखा वापरतो, आणि फसगत इथेच होते. कोणी खोटं बोललेलं नसतं, पण घर मात्र लहान निघतं.

शिवाय हा टक्का इमारतीगणिक बदलतो. एका मजल्यावर दोनच फ्लॅट असतील तर लॉबी आणि लिफ्टचा भार दोघांतच वाटला जातो. उंच इमारतीत जिने, लिफ्ट आणि आणीबाणीत थांबायचा रेफ्यूज एरिया वाढतात. चार मजली, लिफ्ट नसलेल्या इमारतीत वाटून घ्यायला फारसं काही नसतंच. रेरा कायद्यात कार्पेट एरियाची व्याख्या आहे, सुपर बिल्टअपची नाही. त्यात काय धरायचं हे बिल्डर ठरवतो, म्हणून त्यातून उलटं कार्पेटपर्यंत नेणारं एकच सूत्र असूच शकत नाही.

कार्पेट लिहिला असला तरी कोणता, ते बघा

2016च्या रेरा कायद्यानुसार कार्पेट म्हणजे फ्लॅटमधली निव्वळ वापरायोग्य जागा. बाहेरच्या भिंती, सर्व्हिस डक्ट, फक्त त्या फ्लॅटची असलेली बाल्कनी किंवा व्हरांडा आणि उघडी गच्ची हे सगळं त्यातून वगळलेलं असतं. मात्र आतल्या खोल्यांमधल्या भिंतींखालची जागा त्यात धरलेली असते. हे शेवटचं वाक्य बहुतेकांच्या नजरेतून सुटतं.

वरच्या फ्लॅटमध्ये आतल्या भिंतींची लांबी, दारं सोडून, 60 फूट असेल आणि गिलाव्यासकट जाडी 5 इंच असेल, तर त्यांच्याखाली 25 चौरस फूट जातात. रेरा कार्पेट 650, पण फरशी 625 चौरस फूटच. यात बिल्डरची लबाडी नाही, व्याख्याच तशी आहे. फक्त खोल्यांची लांबी-रुंदी गुणून बेरीज केली आणि ती कमी भरली म्हणून भांडायला जाण्याआधी पॅसेज, दारांखालची जागा आणि या भिंती धरल्या आहेत का, ते तपासा.

खरी काळजी ‘युझेबल कार्पेट’ या शब्दाची घ्यावी. जाहिरातीत तो असेल तर बहुतेक वेळा रेरा कार्पेटमध्ये बाल्कनी मिसळलेली असते. आपल्या फ्लॅटचे 650 तिथे 710 होतात. बाल्कनी काच लावून बंद केली आणि दिवाणखान्यात घेतली, तरी ती रेरा कार्पेटमध्ये येत नाही.

रिसेलमध्ये तर आणखी सावध राहायला हवं. रेराची नोंदणी लागू होण्याआधी पूर्ण झालेल्या इमारतींतल्या फ्लॅटला रेरा क्रमांक नसतो. 500 चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरचे किंवा आठपर्यंत फ्लॅट असलेले प्रकल्पही नोंदणीतून सुटतात. अशा घराच्या जाहिरातीतला ‘कार्पेट’ हा मालकाने तोंडी सांगितलेला आकडा असू शकतो. तिथे नोंदणीकृत करारनामा आणि इंडेक्स टू हा नोंदणी कार्यालयाचा उतारा मागून घ्या, क्षेत्रफळापुढे कार्पेट लिहिलंय की बिल्टअप ते वाचा, आणि टेप घेऊन घर मोजा.

कमी दराचा फ्लॅट महाग निघू शकतो

वरच्या फ्लॅटची किंमत 90 लाख रुपये धरू. सुपरवर दर 9,000 रुपये पडतो. शेजारच्या प्रकल्पातला फ्लॅटही 90 लाखांनाच आहे, पण त्याचा सुपर 950, म्हणजे दर सुमारे 9,474 रुपये. सल्ल्याप्रमाणे पहिला स्वस्त.

आता दुसऱ्याचा रेरा कार्पेट बघा: 680 चौरस फूट. त्यावर दर सुमारे 13,235 रुपये येतो, आणि पहिल्याचा 13,846. तेवढ्याच पैशांत दुसऱ्या घरात 30 चौरस फूट जास्त मिळतात. सुपरचा आकडा फुगवला की दर आपोआप कमी दिसतो. म्हणून तुलना करताना एकूण किंमत भागिले रेरा कार्पेट, एवढंच करा. बाल्कनीचा मोठेपणा महत्त्वाचा वाटत असेल तर तो शेजारी वेगळा लिहून ठेवा, बेरजेत नको.

जाहिरातीत काय लिहावं आणि कुठे पडताळावं

नोंदणीकृत प्रकल्पाच्या जाहिरातीत नोंदणी क्रमांक आणि रेराच्या संकेतस्थळाचा पत्ता ठळकपणे देणं बंधनकारक आहे. तो क्रमांक महाराष्ट्राच्या रेरा प्राधिकरणाच्या, म्हणजे महारेराच्या, संकेतस्थळावर टाकला की प्रकल्पाची माहिती उघडते. तिथे कार्पेट चौरस मीटरमध्ये दिसतो, त्याला 10.764ने गुणा. आपल्या फ्लॅटसाठी तिथे 60.39 दिसायला हवेत. जाहिरातीतल्या आकड्याशी हे जुळत नसेल तर फरक कशाचा आहे ते लेखी विचारा.

एजंट किंवा मालक स्वतः जाहिरात लिहिणार असेल तर एवढं पुरतं:

«रेरा कार्पेट 60.39 चौ. मी. म्हणजे 650 चौ. फूट. बाल्कनी 60 चौ. फूट, वेगळी. एकूण किंमत 90 लाख रुपये.»

खाली नोंदणी क्रमांक. रिसेल असेल तर क्षेत्रफळ कोणत्या कागदावरून घेतलं ते. सुपर लिहायचाच असेल तर तो शेवटी, लहान अक्षरांत, आणि दर कधीही त्याच्यावर काढलेला नको.

करारनाम्यात कार्पेट नेमका असण्याचा थेट पैशांतला फायदाही आहे. महाराष्ट्राच्या नमुना करारनाम्यात कार्पेटमधल्या फरकाला 3 टक्क्यांची मर्यादा आहे. बांधकाम पूर्ण झाल्यावर बिल्डरने अंतिम कार्पेट कळवायचा आणि किंमत त्यानुसार पुन्हा काढायची. जागा कमी भरली तर जादा घेतलेली रक्कम 45 दिवसांत व्याजासह परत, वाढली तर खरेदीदाराने त्याच दराने भरायची. 650वर 3 टक्के म्हणजे साडेएकोणीस चौरस फूट, आपल्या उदाहरणात 2 लाख 70 हजार रुपये. हा हिशेब भिंतीपासून भिंतीपर्यंत टेप लावून पडताळता येतो. सुपरमधले 240 चौरस फूट कमी पडले की जास्त, हे कोणत्याही टेपने मोजता येत नाही.