७ फेब्रुवारीची सुट्टी नेमकी कोणाला होती? एका प्रतिक्रियेला उत्तर

वाचकाची प्रतिक्रिया: "ताई, राज्य सरकारने सार्वजनिक सुट्टी जाहीर केली की ती सगळ्यांना लागू, असं तुम्ही लिहिलंत. साफ चूक आहे. लतादीदी गेल्या तेव्हा आमची बँक बंद, कंपनी चालू आणि शेअर बाजारही चालू. आणि 'अधिकृत संकेतस्थळावर खात्री करा' म्हणजे कुठे? माझा त्या दिवसाचा पगार कापला गेलाय. गोल गोल सांगू नका."

ते वाक्य मी लेखातून काढून टाकलं आहे. तुमचा पगार कापला गेला याचं वाईट वाटलं. मी स्वतः पगारपत्रकाचं काम करते, त्यामुळे एका दिवसाची कपात घरात काय करते ते मला ठाऊक आहे. त्याच दिवसाचं उदाहरण घेऊन सांगते.

लतादीदी ६ फेब्रुवारी २०२२ ला, रविवारी सकाळी गेल्या. केंद्राने दोन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा जाहीर केला. महाराष्ट्र सरकारने सोमवार ७ तारखेची सार्वजनिक सुट्टी जाहीर केली, तर पश्चिम बंगालने त्याच सोमवारी अर्ध्या दिवसाची. म्हणजे दुःख एकच, पण निर्णय तीन. दुखवटा आणि सुट्टी या मुळातच दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुखवट्यात राष्ट्रध्वज अर्ध्यावर येतो आणि सरकारी करमणुकीचे कार्यक्रम होत नाहीत, पण कचेऱ्या चालूच राहतात. सुट्टी हवी तर तिचा वेगळा आदेश निघावा लागतो. रतन टाटा गेले तेव्हा १० ऑक्टोबर २०२४ ला राज्यात एक दिवसाचा दुखवटा होता, सुट्टी नव्हती. डॉ. मनमोहन सिंग यांच्या निधनानंतर सात दिवसांचा दुखवटा होता, पण केंद्रीय कार्यालयांना सुट्टी मिळाली ती फक्त २८ डिसेंबरला अर्धा दिवस. बातमीत 'दुखवटा' हा शब्द दिसला की पुष्कळ जण तो सुट्टी म्हणूनच वाचतात. गोंधळाची सुरुवात इथे होते.

आता ७ तारखेच्या आदेशाकडे वळू. असे आदेश मंत्रालयातला सामान्य प्रशासन विभाग काढतो, आणि त्यात एक कायदा हमखास असतो: परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१, कलम २५. बँकेतली माणसं त्याला एन.आय. अ‍ॅक्ट म्हणतात. हा कायदा सुट्ट्यांचा नाही, हुंडी, वचनचिठ्ठी, धनादेश यांचा आहे. हुंडीची मुदत सुट्टीच्या दिवशी संपत असेल तर ती आधीच्या कामकाजाच्या दिवशी देय धरायची, एवढंच कलम २५ सांगतं. पण मग 'सुट्टी' कशाला म्हणायचं, हेही त्यात सांगावं लागलं: रविवार, आणि केंद्र सरकार राजपत्रात जाहीर करेल तो दिवस. केंद्राच्या गृह मंत्रालयाने ८ मे १९६८ च्या अधिसूचनेने हा अधिकार राज्यांकडे सोपवला. म्हणून आपल्या राज्याच्या सुट्टीच्या आदेशात त्या १९६८ च्या अधिसूचनेचा उल्लेख येतो. २२ जानेवारी २०२४ च्या अयोध्येच्या सोहळ्यानिमित्त दिलेल्या सुट्टीला कायद्याच्या विद्यार्थ्यांनी मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं, तेव्हा हीच अधिसूचना वादात होती. रविवारी खास सुनावणी झाली आणि याचिका फेटाळली गेली.

तुम्ही पाहिलेल्या तीन तऱ्हांचं उत्तर या कलमात आहे. बँका या कायद्याने बांधलेल्या, म्हणून शाखा बंद. रिझर्व्ह बँकेने रविवारीच कळवलं की राज्याने या कायद्याखाली सुट्टी दिल्यामुळे ७ तारखेला सरकारी रोखे, परकीय चलन आणि नाणेबाजाराचे व्यवहार होणार नाहीत, राहिलेले व्यवहार ८ तारखेला पूर्ण होतील. पतधोरण समितीची ७ ते ९ फेब्रुवारीची बैठकही ८ ते १० वर गेली. त्याच मुंबईत शेअर बाजार मात्र नेहमीप्रमाणे उघडला. बाजाराची सुट्ट्यांची यादी वेगळी असते आणि तीत बदल करायचा तर बाजार स्वतः परिपत्रक काढतो. त्या दिवसासाठी त्यांनी ते काढलं नाही. २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेच्या मतदानासाठी काढलं, आणि तेव्हा बाजार बंद राहिला.

राहिली तुमची कंपनी. खाजगी आस्थापनेला कलम २५ ची सुट्टी आपोआप लागू होत नाही. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात २०२२ मध्ये दहा किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी वर्षाला आठ भरपगारी सुट्ट्या होत्या: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि मालक-कामगारांनी ठरवलेल्या आणखी चार. अचानक जाहीर झालेला सोमवार त्यात बसत नाही. कारखान्यात असाल तर स्थायी आदेश, म्हणजे तिथल्या नोकरीचे लेखी नियम, किंवा युनियनचा करार काय म्हणतो ते पाहा. सरकारी सुट्टीची बातमी ऐकून त्या दिवशी तुम्ही घरी राहिला असाल, तर कपात अन्यायाची वाटते हे खरं, पण केवळ त्या आदेशाच्या जोरावर ती परत मागता येणार नाही. हे मी आधीच्या लेखात स्पष्ट लिहायला हवं होतं.

मतदानाच्या दिवशी मात्र चित्र उलटं होतं. तिथे लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ चं कलम १३५ ब लागतं, आणि ते थेट मालकाशी बोलतं. कोणत्याही धंद्यात, उद्योगात वा आस्थापनेत नोकरीला असलेल्या मतदाराला लोकसभा किंवा विधानसभेच्या मतदानादिवशी सुट्टी द्यायची आणि पगार कापायचा नाही. रोजंदारीवरच्या माणसालाही त्या दिवसाची मजुरी मिळते. दंड ५०० रुपयांपर्यंतच आहे, पण हक्क स्पष्ट आहे. अपवाद फक्त ज्याच्या गैरहजेरीने धोका किंवा मोठं नुकसान होईल अशा कामाचा. तेव्हा मतदानादिवशी पगार कापला गेला तर गप्प बसू नका, कामगार आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार करा. दरवेळी राज्याचा कामगार विभाग यासाठी वेगळा आदेश काढतो. गाव एकीकडे आणि नोकरी दुसरीकडे असेल तर तोच वाचा, कारण तुमचं मतदान जिथे आहे तिथला दिवस मोजला जातो, कंपनी जिथे आहे तिथला नाही. महापालिका किंवा जिल्हा परिषदेच्या निवडणुकीला १३५ ब लागत नाही. तिथे राज्याने त्या निवडणुकीसाठी काय आदेश काढला, तेच पाहावं लागतं.

आता कुठे बघायचं ते सांगते. पहिली जागा gr.maharashtra.gov.in. विभागात 'सामान्य प्रशासन विभाग' निवडा, तारखेची मर्यादा आदल्या दोन-तीन दिवसांची ठेवा आणि शोधा. मतदानाच्या भरपगारी सुट्टीसाठी कामगार विभाग पाहायचा. मोबाईलवर आलेल्या शासन निर्णयाच्या शेवटी अठरा अंकी संकेतांक असतो, त्याचे पहिले आठ अंक म्हणजे वर्ष, महिना, दिवस. २०२४ ची तारीख छापलेल्या कागदावर संकेतांक २०१९ ने सुरू होत असेल तर कोणीतरी जुनाच कागद खोडून फिरवला आहे. तो संकेतांक शोधाच्या चौकटीत टाकला की मूळ कागद उघडतो, नाही उघडला तर त्या फोटोवर विसंबू नका. घाईत निघालेली अधिसूचना चढायला कधी उशीर होतो. त्या मधल्या वेळात जिल्हा माहिती कार्यालयाची बातमी बघा.

बँकेसाठी rbi.org.in वर सुट्ट्यांचं पान आहे. त्यात राज्य नसतं, रिझर्व्ह बँकेची कार्यालयं असतात: मुंबई, बेलापूर, नागपूर वेगवेगळी, गोव्यासाठी पणजी. आदल्या दिवशी जाहीर झालेली सुट्टी तिथे दिसेलच असं धरू नका. तेव्हा त्याच संकेतस्थळावरची प्रसिद्धिपत्रकं वाचा. शेअर बाजारासाठी nseindia.com वरची परिपत्रकं, आणि केंद्रीय कार्यालयांसाठी कार्मिक विभागाचं dopt.gov.in.

कागद सापडला तरी तो शेवटपर्यंत वाचा. हे मी स्वतः ठेच लागल्यावर शिकले. सप्टेंबर २०२५ मध्ये ईद-ए-मिलादची सुट्टी ५ तारखेवरून ८ वर गेल्याचा आदेश आमच्या कामाच्या ग्रुपवर फोटो म्हणून आला. कागद खरा होता, विभाग बरोबर होता. मी भिवंडीच्या गोदामातल्या लोकांना ५ तारखेला यायला सांगितलं. फोटो खालून कापलेला होता आणि कापलेल्या भागात लिहिलं होतं की हा बदल मुंबई शहर आणि मुंबई उपनगर या दोन जिल्ह्यांपुरता आहे, इतर जिल्ह्यांत सुट्टी ५ लाच राहील. भिवंडी ठाणे जिल्ह्यात येते. सणाच्या दिवशी ती माणसं कामावर आली, आणि हे माझ्यामुळे झालं. त्यांना मी बदली सुट्टी लावून दिली, पण गेलेला सण परत आला नाही.

दुसरी खूण म्हणजे कागद कोणी कोणाला लिहिला आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मतदानाच्या आधी 'शाळांना १८, १९ आणि २० ला सुट्टी' अशी बातमी सगळीकडे फिरली. तिच्या मुळाशी मंत्रालयातून शिक्षण आयुक्तांना गेलेलं एक पत्र होतं. ज्या शाळांतले सगळे शिक्षक निवडणुकीच्या कामावर गेले आहेत, तिथे मुख्याध्यापकांनी आपल्या पातळीवर निर्णय घ्यावा, एवढाच त्याचा आशय. शेवटी आयुक्तांना खुलासा करावा लागला की १८ आणि १९ ला राज्यभर सुट्टी नाही, शाळा नियमित भरतील. पत्र खरं असलं तरी ते एका कार्यालयाने दुसऱ्याला लिहिलेलं होतं. सुट्टीच्या आदेशात 'सार्वजनिक सुट्टी जाहीर करीत आहे' असं स्पष्ट वाक्य असतं, त्याच्याआधी कायद्याचं नाव असतं आणि नंतर कोणाला, कोणत्या भागात ते असतं. त्या पत्रात यातलं काही नव्हतं.

तुम्ही ७ तारखेच्या पगाराचं लिहिलंत, पण तुमचं ठिकाण कारखाना की कार्यालय ते कळलं नाही. कारखाना असेल तर स्थायी आदेशातलं सुट्ट्यांचं पान इथे लिहून पाठवा, कंपनीचं नाव न घालता. त्यात 'राज्य शासन जाहीर करेल त्या सुट्ट्या' असे शब्द असतील तर तुमचा मुद्दा अजून जिवंत आहे, आणि मग अर्ज कसा लिहायचा ते मी सांगेन.